पार्सलाच्या चिठ्ठीचे भाषांतर

परगावी गेलेल्या मुलाला फराळाचा डबा धाडणे ही आपल्याकडे जुनीच रीत आहे. फरक इतकाच झाला की, पूर्वी डबा मुंबईस किंवा सोलापुरास जात असे, आता तो जर्मनीस जातो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल कामगार पाठविण्यासंबंधी करार केला, आणि आमच्या कचेरीत येणाऱ्या कागदांत एका नव्या कागदाची भर पडली. हा कागद म्हणजे पार्सलाच्या चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्यावर निम्मा मजकूर इंग्रजी, थोडा फ्रेंच आणि उरलेला जर्मन. जर्मनची थोडीफार ओळख आम्हांला झाली ती शाळेत नव्हे. गिरणीतल्या जर्मन यंत्रांवरच्या पाट्या आणि त्यांची माहितीपुस्तके शब्दकोश घेऊन वाचता वाचता झाली. मालकाची नोटीस कशी वाचावी हे मात्र तीस वर्षांत पक्के शिकलो आहोत, आणि पार्सलाची चिठ्ठी ही शेवटी एक नोटीसच आहे. कोण काय करीत आहे, आता पाळी कोणाची आहे आणि मुदत कधी संपते, या तीन गोष्टी जिच्यातून निघत नाहीत ते भाषांतर शब्दाला शब्द बरोबर असले तरी कुचकामाचे समजावे.

एकच प्रकरण घेऊन बोलू. आमच्या एका निवृत्त सभासदाचा मुलगा फिटर म्हणून तिकडे गेला. २०२४ च्या दिवाळीसाठी आईने घरच्या चकल्या, शंकरपाळी, दुकानातून आणलेला गोडा मसाला आणि साजूक तुपाची एक बाटली असा डबा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात टपालाने रवाना केला. ३० ऑक्टोबरला मुलाकडून घरी एक फोटो आला आणि खाली दोनच शब्द होते : ‘बिले पाठवा.’ मुलगा पाळीवर गेलेला, फोन बंद. वडील तो फोटो घेऊन आमच्याकडे आले.

प्रथम फोटोविषयी. फोटोतला कागद आणि हातातला कागद यांत मोठे अंतर असते. चकचकीत लेबलावर दिव्याचा डाग पडतो, कडेचे एखादे अक्षर कापले जाते, आणि नेमकी कडेलाच तारीख असते. म्हणून भाषांतराला हात घालण्यापूर्वी क्रमांक पडताळून घ्यावा. क्रमांक चुकला तर पुढचे सारे परक्याच्या पार्सलाचे भाषांतर होते.

आंतरराष्ट्रीय टपालाचा हा क्रमांक तेरा चिन्हांचा असतो : आधी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक, मग पुन्हा दोन अक्षरे. आमच्या फोटोतला क्रमांक CP617204534IN असा दिसत होता. पहिले अक्षर टपालाचा प्रकार सांगते. C म्हणजे पार्सल, R म्हणजे रजिस्टर टपाल, E म्हणजे जलद टपाल. शेवटची दोन अक्षरे ज्या देशाच्या टपालखात्याने क्रमांक दिला त्या देशाची. येथे पुष्कळांची फसगत होते. IN पाहून वडील म्हणाले, “म्हणजे पार्सल अजून हिंदुस्थानातच आहे?” तसे नव्हे. पार्सल दक्षिण ध्रुवावर जाऊन पोहोचले तरी शेवटी IN तेच राहील.

नऊ अंकांपैकी नववा अंक हा पहारेकरी असतो. पहिल्या आठ अंकांवरून तो हिशेबाने काढलेला असतो, आणि हा हिशेब कोणालाही कागदावर करता येतो. आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणावे, सगळे गुणाकार एकत्र मिळवावेत, बेरजेस ११ ने भागावे आणि जी बाकी उरेल ती ११ मधून वजा करावी. येईल तो नववा अंक. उत्तर १० आले तर ० लिहितात आणि ११ आले तर ५.

चिठ्ठीवर हा क्रमांक कोणा कारकुनाने हाताने लिहिला होता. जर्मन हस्ताक्षरात एकाच्या अंकाला डोक्यापासून खाली लोंबणारी लांब शेंडी असते, त्यामुळे आपल्या डोळ्याला तो सातच वाटतो. ते लोक खऱ्या सातावर मधोमध आडवी रेघ मारतात, पण फोटोत ती रेघ पुसट झाली होती. तेव्हा दुसरा आणि तिसरा अंक १ आणि ७, की दोन्ही १, की दोन्ही ७, की ७ आणि १, असा प्रश्न पडला. हिशेब केला. ६१७२०४५३ धरले तर गुणाकार ४८, ६, २८, ४, ०, २०, ४५ आणि २१, बेरीज १७२. अकराने भागता बाकी ७, आणि अकरातून सात गेले म्हणजे ४. शेवटचा अंक ४ च होता. दोन्ही १ धरले तर उत्तर ६ येते, दोन्ही ७ धरले तर १, आणि ७ व १ असे धरले तर ३. म्हणजे पहिलेच वाचन बरोबर. हा पहारेकरी सगळ्या चुका पकडतो असे नाही, दोन-तीन अंक एकदम चुकले तर क्वचित तो फसतो. पण एकच अंक चुकला तर सहसा सोडीत नाही.

क्रमांक मिळाल्यावर पार्सलाचा प्रवास पडद्यावर पाहता येतो. एकेका ओळीत एकेक टप्पा. या ओळी कशा उमटतात ते ठाऊक असले म्हणजे निम्मी भीती जाते. पार्सल हातातून हातात जाते त्या वेळी त्यावरच्या रेघांच्या पट्टीवर यंत्र धरतात आणि ओळ उमटते. यंत्र धरले नाही तर ओळ नाही. आमच्या प्रकरणात मुंबईच्या ओळीनंतर अकरा दिवस पडदा गप्प होता आणि घरात पार्सल हरवल्याचे रडे चालू होते. ते गप्प बसणे पार्सलाचे नव्हे, यंत्राचे होते.

मुंबईची शेवटची ओळ इंग्रजीत होती : पार्सल ‘ऑफिस ऑफ एक्स्चेंज’कडे रवाना. शेजारच्या एका शिकलेल्या मुलाने याचे ‘अदलाबदल कार्यालय’ असे भाषांतर करून दिले, आणि आईला वाटले डबा कोणाच्या तरी डब्याशी बदलला जाणार. टपालाच्या भाषेत हे कार्यालय म्हणजे एका देशाचे टपाल दुसऱ्या देशाच्या हवाली करण्याचे ठिकाण. ‘परदेशी टपाल देवघेव कचेरी’ म्हटले की शंका राहात नाही.

पुढच्या ओळी जर्मन. ‘त्सीललांट’ मध्ये पोहोचले, अशी पहिली. त्सील म्हणजे जेथे जायचे ते ठिकाण आणि लांट म्हणजे देश. वडिलांनी ‘मुक्कामी पोहोचले’ असा अर्थ घेतला होता. खरा अर्थ ‘ज्या देशी जायचे त्या देशात शिरले’ इतकाच. मुलाचे गाव अजून दूर होते. दुसरी ओळ अशी की, पार्सल ‘फेरत्सोलुंग’साठी तयार केले जात आहे. या शब्दाच्या पोटात ‘त्सोल’ हा शब्द आहे आणि सारी गंमत त्या शब्दात आहे.

कोश उघडला तर त्सोलचे दोन अर्थ सापडतात : एक सीमेवरचा कर आणि दुसरा इंच. तेव्हा कोशातला चुकीचा अर्थ उचलणारा ‘त्सोलआम्ट’चे भाषांतर ‘इंच कचेरी’ असे करू शकतो, आणि असे केलेले आम्ही पाहिले आहे. पण बरोबर अर्थ उचलूनही मराठीत नवीच अडचण उभी राहते. आपण सहज ‘जकात’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गावाच्या वेशीवरचा नाका, आडवा बांबू आणि पावती फाडणारा माणूस उभा राहतो. ती जकात म्हणजे नगरपालिकेची; मुंबईतली १ जुलै २०१७ रोजी बंद झाली. त्सोल देशाच्या सीमेवरचा. सरकारी शब्द ‘सीमाशुल्क’ बरोबर आहे, परंतु तोंडी समजावताना आम्ही सरळ ‘कस्टम’ म्हणतो, कारण मुंबईच्या गोदीत काम केलेल्या बापाला तोच शब्द कळतो.

मग फेरत्सोलुंग म्हणजे काय? ‘कर आकारला’ असे नव्हे. कस्टमच्या सोपस्कारांतून माल पार करणे, त्याला फेरत्सोलुंग म्हणतात. त्यातून कर लागेल किंवा लागणारही नाही. आणि ओळीचा कर्ता कोण? ओळ लिहिते टपाल. कस्टम काहीच लिहीत नाही. ‘तयार केले जात आहे’ म्हणजे टपालवाले कागद जुळवून कस्टमपुढे ठेवीत आहेत. या टप्प्याला घरच्यांनी करावयाचे काहीही नसते.

क्रियापदाचा काळ मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा. जर्मन वाक्यात ‘विर्ट’ असेल तर काम चालू आहे, ‘वुर्ड’ असेल तर झाले. पार्सल तपासले जात आहे आणि पार्सल तपासले गेले, या दोहोंत एक-दोन अक्षरांचा फरक आहे आणि अंधुक फोटोत तो सहज बुडतो.

आता ती चिठ्ठी, जिच्यासाठी एवढा उपद्व्याप. तिचे भाषांतर आम्ही असे केले : “आपल्या नावे परदेशातून आलेले व कस्टमने पाहावयाचे एक पार्सल आमच्याकडे ठेवले आहे. सोबतच्या फॉर्मवरील किमतीची माहिती अपुरी आहे. ही चिठ्ठी, ओळखपत्र आणि बिल अथवा किमतीचा अन्य पुरावा घेऊन यावे. पार्सलात प्राणिजन्य पदार्थ असल्यास ते आत आणण्यास मनाई असू शकते. पार्सल ०४.११.२०२४ पर्यंत ठेवले जाईल. त्यानंतर पाठवणाऱ्याकडे परत जाईल.”

किमतीची माहिती अपुरी का, ते दुसऱ्या फोटोवरून कळले. हा फोटो होता डब्यावर चिकटवलेल्या कस्टम फॉर्मचा. पार्सलासाठी जो फॉर्म असतो त्याला सीएन २३ म्हणतात. लहान टपालासाठी त्याचाच धाकटा भाऊ सीएन २२. आईच्या वतीने कोणीतरी हाताने भरले होते : वस्तू, ‘खाद्यपदार्थ’, किंमत, ‘१८५०’. बस्स! १८५० काय? रुपये हा शब्द कोठेही नाही. जर्मनीत बसलेल्या अधिकाऱ्याने ते युरो धरले तर त्याचा दोष नाही. त्या वेळी एक युरो नव्वद रुपयांच्या थोडा वर होता, म्हणजे १८५० रुपये सुमारे वीस युरो. आणि तेथील नियम असा की, एका खाजगी माणसाने दुसऱ्यास अधूनमधून, पैसे न घेता, त्याच्या स्वतःच्या वापरासाठी पाठविलेली भेट ४५ युरोपर्यंतच्या किमतीची असेल तर तिच्यावर कर नाही. वीस युरोंचा डबा बिनकराचा, १८५० युरोंचा डबा म्हणजे व्यापाराचा संशय. चलनाचा एक शब्द राहिला आणि एवढे रामायण झाले. ‘खाद्यपदार्थ’ या मोघम शब्दानेही घात केलाच. पेटी न उघडता अधिकाऱ्याने समजायचे काय?

त्याच फॉर्मवर ‘भेट’ या अर्थी इंग्रजी ‘गिफ्ट’ हा शब्द छापलेला असतो. जर्मन भाषेत गिफ्ट म्हणजे विष! अर्थात कस्टमचा अधिकारी इंग्रजी जाणतो, तेव्हा काही बिघडत नाही. पण कोश घेऊन उलट्या दिशेने भाषांतर करणाऱ्याने येथे जपावे. भेटीला जर्मन शब्द ‘गेशेंक’ आहे आणि आम्ही तोही शेजारी लिहावयास सांगतो.

कस्टमच्या लेबलावर एक फ्रेंच वाक्यही असते. १८७४ साली बर्न येथे स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच, म्हणून पुण्याच्या टपालातल्या फॉर्मवरही फ्रेंच येते. वाक्याच्या शेवटी ‘दोफीस’ असा शब्द आहे. तो पाहून ‘ऑफिसात उघडता येईल’ असे भाषांतर होते, आणि घरचे समजतात की मुलाला बोलावून त्याच्या समक्ष उघडतील. अर्थ तसा नाही. ‘अधिकाऱ्यास आपल्या अधिकारात, कोणास न विचारता उघडता येईल’ असा त्याचा अर्थ. डबा फोडलेला दिसला म्हणून चोरी झाली असे लगेच समजू नये; उघडून पुन्हा चिकटवलेल्या पार्सलावर बहुधा तशी पट्टी असते, ती आधी पाहावी.

प्राणिजन्य पदार्थांच्या वाक्यावरून तर घरात भांडण पेटायचे बाकी होते. मुलाच्या एका मित्राने त्याचे ‘मांस’ असे भाषांतर फोनवर सांगितले होते. आई संतापली : “आमच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही, आणि हे मेले मांस म्हणतात!” आम्ही मूळ शब्द पाहिले. ‘प्राण्यापासून उत्पन्न झालेले’ असा शब्दशः अर्थ होतो. त्यात मांस येते, तसे दूधही येते आणि दुधापासून केलेले तूपही येते. युरोपीय संघाबाहेरून खाजगी पार्सलाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यास सर्वसाधारण मनाई आहे. जनावरांचे रोग त्या वाटेने शिरतात हे तिचे कारण. म्हणजे प्रश्न चकलीचा नव्हता, तुपाच्या बाटलीचा होता. आईला शाकाहार आणि मांसाहार हे दोनच कप्पे ठाऊक. कस्टमचे कप्पे वेगळे, वनस्पतीपासून आणि प्राण्यापासून. ही गोष्ट सांगितल्यावर त्या माउलीचा राग गेला, पण तूप जाणार हे ऐकून डोळ्यांत पाणी आले.

मग मुदत. तारीख जर्मन पद्धतीने आधी दिवस, मग महिना अशी होती. आपलीच पद्धत, तेव्हा ११ एप्रिल समजण्याची चूक येथे कोणी केली नाही. तारखेमागे ‘बिस’ हा शब्द होता. बिस म्हणजे ‘पर्यंत’. त्याऐवजी ‘आप’ असते तर अर्थ ‘तेव्हापासून’ झाला असता. अशा दोन-दोन अक्षरांच्या शब्दांवर पार्सल मिळते किंवा परत जाते, म्हणून फोटोत तारखेच्या अलीकडचा शब्द दिसत नसेल तर दुसरा फोटो मागवावा, अंदाज करू नये.

पंचांग मांडले तेव्हा कळले की वेळ फार थोडा आहे. ३० तारीख बुधवारची, तीही संपत आलेली. १ नोव्हेंबर, शुक्रवार : बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सर्व संतांच्या सणाची सार्वजनिक सुट्टी. नंतर शनिवार, रविवार. ४ तारीख सोमवार. कागदावर पाच दिवस दिसत होते, हाती दोन होते : गुरुवार आणि सोमवार. इकडे नेमके लक्ष्मीपूजन. मुदत सांगणाऱ्याने पलीकडच्या गावचे सणवार पाहिलेच पाहिजेत. संपाच्या नोटिशीत आम्ही पाहतो तसेच.

बिलाचे काय? मसाल्याचे बिल दुकानदाराने त्याच संध्याकाळी लिहून दिले. तुपाची पावती घरी होती. चकल्या आणि शंकरपाळी घरची. त्यांचे बिल कोण देणार? चिठ्ठीत ‘बिल अथवा किमतीचा अन्य पुरावा’ असे होते, आणि मुलाच्या दोन शब्दांत तो ‘अथवा’ गळाला होता. आम्ही इंग्रजीत एक पानाचे निवेदन केले : प्रत्येक पदार्थाचे नाव, तो कशाचा केला, वजन, साहित्याचा खर्च रुपयांत आणि युरोत, ही दिवाळीची भेट असून तिचे पैसे घेतलेले नाहीत, आणि खाली आईची सही. चकलीला इंग्रजी नाव शोधीत बसलो नाही. ‘तांदूळ व डाळीच्या पिठाचा, तेलात तळलेला खारा पदार्थ’ असे लिहिले. अधिकाऱ्याला नाव नको असते, घटक हवे असतात. तूप लपवले नाही. ‘दुधापासूनचे लोणी कढवून केलेले’ असे स्पष्ट लिहिले, कारण पेटी उघडल्यावर ते दिसणारच होते, आणि कागदात नसलेली वस्तू पेटीत सापडली की उरलेल्या कागदावरही विश्वास राहात नाही.

मुलगा सोमवारी सकाळी पाळी बदलून गेला. चिठ्ठी, ओळखपत्र, बिले, निवेदन. अधिकाऱ्याने किंमत मान्य केली, कर लावला नाही. तूप काढून घेतले आणि ते नष्ट केले जाईल अशा कागदावर मुलाची सही घेतली. त्या कागदातला ‘फेरनिख्टुंग’ हा शब्द पाहून मुलाला वाटले की सारा डबाच नष्ट करणार. शब्द नष्ट करण्याचाच होता, पण तक्त्यात त्यापुढे एकच वस्तू लिहिलेली होती. सही करण्यापूर्वी शब्दाबरोबर त्याच्या शेजारचा रकानाही वाचावा, हे त्याला फोनवरून सांगता आले.

संध्याकाळी पडद्यावर शेवटची ओळ उमटली. वडील पुन्हा तो फोन घेऊन आले. ओळीचा अर्थ एवढाच होता की, पार्सल घेणाऱ्याने स्वतः येऊन नेले. चकल्यांचा अर्धा चुरा झाला होता, असे मुलाने नंतर कळविले. पुढच्या वेळी फॉर्म भरण्याआधी ते आमच्याकडे आले. त्यावर प्रत्येक पदार्थ वेगळ्या ओळीत लिहिला, किमतीपुढे ‘भारतीय रुपये’ असे पूर्ण शब्दांत घातले, आणि तुपाची बाटली घरीच ठेवली.